स्टीअरिंग आणि पेडल गेमला नीट जोडताना: रेंज, डेड झोन आणि बटणं

रेसिंग गेमसाठी स्टीअरिंग घेतलं, टेबलाला घट्ट बसवलं, गेम चालू केला आणि गाडी सरळ रस्त्यावरही डुलायला लागली, अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. बहुतेकांना वाटतं की आपला हात बसायचा आहे. दहातल्या सात-आठ वेळा मात्र हाताचा दोष नसतो. तुम्ही किती वळवलं आणि किती दाबलं हे गेमला चुकीचं कळत असतं. ते बरोबर कसं कळवायचं, एवढंच इथे सांगतो. उदाहरणाला लॉजिटेकचं जी29 आणि पीसीवरचा असेटो कोर्सा हा गेम घेतो, कारण ही जोडी फार लोकांकडे आहे. दुसरं स्टीअरिंग किंवा दुसरा गेम असेल तर मेनूतली नावं बदलतील, हिशोब तोच राहील.

सुरुवातीला हे लक्षात घ्या की गेमला स्टीअरिंग दिसत नाही, त्याला नुसते आकडे दिसतात. स्टीअरिंग एक आकडा पाठवतं, ॲक्सिलरेटर दुसरा, ब्रेक तिसरा, क्लच चौथा. अशा प्रत्येक आकड्याच्या वाटेला ॲक्सिस म्हणतात. बहुतेक गेम हा आकडा -1 ते 1 च्या मापात मोजतात. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे असेल तर -1, मधोमध 0, पूर्ण उजवीकडे 1. पेडलला मधोमध असं काही नसतं. त्याचं एक टोक म्हणजे मोकळं पेडल, दुसरं टोक म्हणजे पूर्ण दाबलेलं. आणि जी29 मध्ये हे नवख्याला उलटं वाटतं: पेडल मोकळं असताना आकडा 1 असतो आणि दाबत गेलं की तो -1 कडे उतरतो. त्यात बिघाड काही नाही, त्याची रचनाच तशी आहे. पण गेमने हे उलटेपण ओळखलं नाही तर पाय वर असताना गाडी सुसाट सुटते आणि दाबल्यावर थांबते. असं झालं तर त्या पेडलच्या शेजारी उलटवण्याचा पर्याय असतो, तो टिचकी मारून बदला.

गेममध्ये शिरण्याआधी आकडे उघड्यावर बघून घ्यावेत. विंडोजमध्ये रन उघडून `joy.cpl` टाइप केलं की जोडलेल्या उपकरणांची यादी येते. तिथे आपलं स्टीअरिंग निवडून Properties उघडलं की पट्ट्या हलताना दिसतात. नेमके आकडे हवे असतील तर ब्राउझरमध्ये गेमपॅड तपासणारी पानं मिळतात, ती -1.00 ते 1.00 असे आकडे दाखवतात. विंडोजच्या त्या Properties खिडकीत कॅलिब्रेशनचंही बटण असतं. ते दाबायचा मोह आवरा. जी29 वीज मिळताच स्वतःच डावी-उजवीकडे फिरून आपली टोकं शोधतं. विंडोजचं कॅलिब्रेशन त्यावर आणखी एक थर चढवतं, आणि महिन्याभराने काही बिनसलं की तो थर आहे हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. आधीच करून ठेवलं असेल तर तिथेच मूळ स्थितीला नेण्याचं बटण आहे, ते वापरा.

अजून एक गोष्ट इथेच दिसते. नुकतंच जोडलेलं असताना, एकदाही न दाबलेल्या पेडलचा आकडा बऱ्याचदा 0 दिसतो. 0 म्हणजे 1 आणि -1 च्या बरोबर मध्ये, म्हणजे गेमच्या दृष्टीने पेडल अर्धं दाबलेलं! पहिल्या लॅपला गाडी जागची हलत नाही किंवा आपोआप पुढे सरकते, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं. तिन्ही पेडल एकेकदा तळापर्यंत दाबून सोडली की खरे आकडे येऊ लागतात. बसल्या बसल्या तिन्ही पेडल एकदा दाबायची सवयच लावून घ्या.

आता स्टीअरिंगची रेंज. जी29 एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 900 अंश फिरतं, म्हणजे अडीच फेरे, मधून प्रत्येक बाजूला 450 अंश. आपल्या रोजच्या हॅचबॅकचं स्टीअरिंग साधारण तीन फेरे फिरतं, त्यामुळे 900 हातात ओळखीचं वाटतं. रेसच्या गाड्यांची स्टीअरिंग मात्र खूप कमी फिरतात. समजा गेममधली एक जीटी3 गाडी आहे आणि तिचं स्टीअरिंग एकूण 480 अंश, म्हणजे प्रत्येक बाजूला 240 अंश फिरतं. तुम्ही तुमचं स्टीअरिंग 90 अंश वळवलं. खऱ्या गाडीत 90 अंश म्हणजे 240 पैकी 90, म्हणजे पूर्ण वळणाच्या साडेसदतीस टक्के. गेमने जर तुमचे 450 अंश थेट गाडीच्या पूर्ण वळणाला जोडले, तर तेच 90 अंश 20 टक्केच मोजले जातील. गाडी जड, मठ्ठ वाटेल. उलट कोणी सॉफ्टवेअरमध्ये रेंज 360 करून ठेवली असेल तर 90 अंशाला 50 टक्के मिळतील आणि गाडी प्रत्येक हालचालीला उडी मारेल. वर म्हटलेलं डुलणं बहुतेक वेळा हेच असतं.

असेटो कोर्सात यावर सोपा तोडगा आहे. लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये स्टीअरिंगची रेंज 900 ठेवा आणि गेमच्या कंट्रोल्समध्ये अंशांच्या रकान्यातही 900 लिहा. दोन्हीकडे एकच आकडा असला की तुमचं स्टीअरिंग किती अंश फिरलंय हे गेमला नक्की कळतं. मग कुठल्या गाडीचं स्टीअरिंग किती फिरतं ही माहिती त्याच्याकडे असतेच, त्यानुसार तो स्वतः हिशोब करतो. 480 अंशांच्या गाडीत तुम्ही 240 च्या पुढे नेलं तर तुमच्या हातातलं स्टीअरिंग फिरत राहतं, गाडीवर मात्र काही परिणाम होत नाही. काही गेम तिथे मोटरच्या जोराने अडवतातही. दोन आकडे वेगळे ठेवून "माझ्या हाताला असंच बरं वाटतं" म्हणणारे भेटतात. एकाच गाडीपुरतं ते चालतं, गाडी बदलली की हात पुन्हा नव्याने बसवावा लागतो.

बरोबर जमलंय का हे तपासायला आकडेमोड नको. कॅमेरा ड्रायव्हरच्या नजरेवर घ्या, पडद्यावर गाडीचं स्टीअरिंग दिसेल असा. गाडी उभी ठेवा आणि आपलं स्टीअरिंग बरोबर पाव फेरा वळवा. पडद्यावरचंही पाव फेराच वळलं पाहिजे. जास्त वळलं तर जी हबमधली रेंज गेममधल्या आकड्यापेक्षा कमी ठेवलेली आहे, कमी वळलं तर गेममधला आकडा कमी आहे.

गेमच्या कंट्रोल्सच्या पानावर स्टीअरिंगसाठी फिल्टर, वेगानुसार संवेदनशीलता आणि गॅमा अशी आणखी मंडळी असतात. ती गेमपॅडच्या बोटभर काडीसाठी जन्मली आहेत. काडी एक-दीड सेंटिमीटर हलते, म्हणून वेगात गाडी सावरायला तिला मदत लागते. अडीच फेरे फिरणाऱ्या स्टीअरिंगला ती मदत अडचणच होते. फिल्टर शून्य, वेगानुसार संवेदनशीलता शून्य, गॅमा 1. जी हबमधली संवेदनशीलता 50 वर असते तीच ठेवा. तिथे 50 म्हणजे सरळ, न वाकवलेलं प्रमाण.

डेड झोन म्हणजे ॲक्सिसचा असा पट्टा की त्यात काहीही हललं तरी गेम ते शून्यच धरतो. तराजूचा आधी धडा करून घेतात तसंच हे: रिकामी पारडी किंचित झुकत असतील तर तेवढा झुकाव मोजमापातून वगळायचा. झुकावच नसेल तर धडा कशाला? जी29 चा स्टीअरिंग सेन्सर चुंबकीय आहे, त्यात घासणारं काही नाही, आणि मधल्या जागेवर त्याचा आकडा थरथरत नाही. म्हणून स्टीअरिंगचा डेड झोन शून्य. इथे एक टक्कासुद्धा महाग पडतो. 450 अंशांचा एक टक्का म्हणजे साडेचार अंश, तोही दोन्ही बाजूंना, म्हणजे मधोमध नऊ अंशांचा असा पट्टा की तिथे तुम्ही हलवताय आणि गाडीला पत्ताच नाही. पाच टक्के ठेवले तर पंचेचाळीस अंश. सरळ रस्त्यावर गाडी सांभाळायचं सगळं काम याच मधल्या पट्ट्यात चालतं. गाडी डुलण्याचं दुसरं कारण हे: तुम्ही थोडं वळवता, काही होत नाही, अजून वळवता, एकदम होतं, मग घाईने उलट वळवता. गेमपॅडकडून स्टीअरिंगकडे आलेल्यांच्या सेटिंग्जमध्ये जुना डेड झोन तसाच राहून गेलेला असतो, तो आधी बघा. फोर्झा होरायझनमध्ये तो आतला आणि बाहेरचा अशा दोन आकड्यांत असतो. आतला म्हणजे सुरुवातीचा, तो स्टीअरिंगला 0 करा. बाहेरचा म्हणजे शेवटचा, तो 100.

पेडलची गोष्ट वेगळी. जी29 च्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे एका पट्टीवरून घासत जाणारा संपर्क. वापराने आणि धुळीने तो थोडा थरथरू शकतो, आणि स्प्रिंग दरवेळी पेडलला केसभरही फरक न करता त्याच जागी आणेल असंही नाही. म्हणून पेडलला अगदी लहान डेड झोन लागतो. ब्रेकमध्ये त्याहून मोठा एक मुद्दा आहे. जी29 च्या ब्रेकच्या आत रबराचा ठोकळा आहे. खऱ्या ब्रेकसारखं पेडल पुढे जाऊन घट्ट व्हावं म्हणून तो घातलाय. परिणाम असा की सुरुवातीचा प्रवास सहज होतो आणि शेवटच्या भागासाठी चांगलाच जोर लावावा लागतो. ऑफिसच्या चाकांच्या खुर्चीत बसून तेवढा जोर लावलात तर ब्रेक दबायच्या आधी खुर्चीच मागे जाते. म्हणजे तुमचा "पूर्ण ब्रेक" गेमच्या लेखी पूर्ण नसतोच. वळणाला नेहमी थोडं उशिरा थांबताय आणि बाकीचे मात्र तिथेच ब्रेक मारून आत शिरताहेत, असं दिसलं तर हे तपासा.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. समजा तपासणीच्या पानावर ब्रेकचे आकडे असे आले: मोकळं असताना 1.00, पण मधूनच 0.96 पर्यंत लुकलुकतो. पायाने रेसमध्ये दर वळणाला दाबता येईल इतक्या जोराने दाबलं की -0.70. एकदाच सगळी ताकद लावली तर -0.95 पर्यंत जातो, पण ती ताकद वीस लॅप टिकणार नाही, म्हणून तो आकडा सोडून द्या. 1 पासून -1 पर्यंतचा प्रवास 2 एककांचा आहे. 0.96 म्हणजे 0.04 भागिले 2, म्हणजे 2 टक्के. ही झाली थरथर. तिच्या किंचित वर, 3 टक्क्यांवर सुरुवात ठेवू, म्हणजे 0.94. वरचं टोक -0.70, म्हणजे 1.70 भागिले 2, 85 टक्के. तर 3 टक्क्यांखालचं सगळं शून्य धरायचं आणि 85 टक्क्यांना पूर्ण ब्रेक मानायचं. मधल्या 82 टक्क्यांत गेम 0 ते 100 बसवतो. पेडल 44 टक्के दाबलं की 41 भागिले 82, बरोबर अर्धा ब्रेक.

असेटो कोर्सा हे आकडे डॉक्युमेंट्समधल्या `Assetto Corsa\cfg\controls.ini` या फाइलमध्ये ठेवतो. गेम बंद करून, फाइलची एक प्रत बाजूला ठेवून, नोटपॅडमध्ये ती उघडता येते. ब्रेकच्या भागात या दोन ओळी सापडतील. त्यात मोकळ्या पेडलचा आणि पूर्ण दाबलेल्या पेडलचा आकडा असा लिहा:

```
[BRAKES]
MIN=0.94
MAX=-0.70
```

बाकीच्या ओळींना हात लावू नका. फॉर्म्युला वनच्या गेममध्ये हेच काम ब्रेकचा डेड झोन आणि सॅच्युरेशन या दोन सरकपट्ट्या करतात. सॅच्युरेशन वाढवलं की पेडल पूर्ण न दाबताच 100 टक्के गाठता येतात.

सुरुवातीचा डेड झोन फार मोठा केला तर ब्रेकची सुरुवातीची नाजूक हालचाल मरते. फार छोटा ठेवला तर त्रास लपून बसतो: पाय बाजूला असतानाही गेमला दोन टक्के ब्रेक लागलेला दिसतो, सरळ रस्त्यावर गाडीचा शेवटचा वेग मिळत नाही, आणि तुम्ही इंजिनाला नावं ठेवत बसता. पडद्यावर पेडलच्या पट्ट्या दाखवायची सोय बहुतेक गेममध्ये असते. ती लावा, पाय पूर्ण वर घ्या आणि ब्रेकची पट्टी खरोखर रिकामी आहे का ते दहा सेकंद बघत राहा.

ॲक्सिलरेटरला रबर नसतो, त्याचं काम दोन मिनिटांत होतं. खाली दोन-तीन टक्के, वर दोन-तीन टक्के. वरचे दोन-तीन टक्के अशासाठी की पाय तळाला टेकलेला असताना पट्टी 97 वर अडकून राहू नये. क्लचही तसाच. फक्त बोट जरी टेकवलं तरी क्लच घसरेल अशी सुरुवात ठेवू नका, विशेषतः डावा पाय त्यावर विसावायची सवय असेल तर.

ब्रेकचा गॅमा हा यानंतरचा विषय, आधीचा नव्हे. गॅमा म्हणजे आकड्याचा घात. 2.4 गॅमा असेल तर अर्धं दाबलेलं पेडल 50 टक्क्यांऐवजी जेमतेम 19 टक्के ब्रेक देतं. जी29 मध्ये पेडलचा पहिला भाग फार सहज दबतो, त्यामुळे थोडा गॅमा उपयोगी पडतो. पायाला हलकं वाटतं तिथे ब्रेकही हलका राहतो. पण रेंज न सुधारता गॅमा लावला तर काय होतं ते बघा. तुमचा पाय 85 टक्क्यांवर थांबतो, आणि 85 टक्क्यांचा 2.4 गॅमाने होतो 68 टक्क्यांच्याही आत. म्हणजे जीव तोडून दाबलं तरी जवळजवळ एक तृतीयांश ब्रेक कधी मिळतच नाही. म्हणून आधी टोकं पक्की करा. मग गॅमा 1 वर ठेवून काही लॅप मारा, आणि चाकं फार लवकर लॉक होत असतील तरच तो थोडा थोडा वाढवा. एबीएस असलेल्या गाडीत ही चाचणी करू नका, एबीएस सगळं झाकून टाकतं.

बटणं नेमणं हा खरं तर सोपा भाग, पण त्यात एक नेहमीची गंमत होते. गेम म्हणतो, "आता ब्रेक दाबा", तुम्ही दाबता, त्या धक्क्याने स्टीअरिंग तसूभर हलतं आणि गेम ब्रेकच्या जागी स्टीअरिंगच नोंदवून मोकळा होतो. नेमणूक करताना हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवा. गेमपॅड जोडलेला असेल तर काढून टाका, त्याच्या काडीची थरथरही मध्ये शिरते. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही एकाच ॲक्सिसवर आले, एक दाबला की दुसऱ्याची पट्टी उलट हलते, असं दिसलं तर जी हबमध्ये पेडल एकत्र करण्याचा पर्याय चालू आहे. तो जुन्या गेमसाठी आहे, बंद करा.

कुठलं काम कुठल्या बटणावर, हे ठरवताना स्टीअरिंग फिरतं हे विसरू नका. मागची दोन पॅडल स्टीअरिंगबरोबर फिरतात आणि बोटंही त्यांच्याबरोबर असतात, म्हणून गिअर तिथेच: उजवं वर, डावं खाली. पुढच्या बाजूची बटणं मात्र तीव्र वळणात उलटीपालटी होतात. तिथे तीच कामं द्या जी सरळ रस्त्यावर करायची असतात: पिट लिमिटर, दिवे, वायपर, मागे बघणं. जी29 च्या पुढच्या लाल गोल डायलला 24 टप्पे आहेत, आणि प्रत्येक टिक म्हणजे गेमसाठी एकदा बटण दाबणं. उजवीकडे फिरवणं एक बटण, डावीकडे दुसरं. ब्रेकचा पुढे-मागे समतोल बदलायला याच्याइतकी चांगली जागा नाही, न बघता मोजून तीन टिक देता येतात. पिटमध्ये परत जाणं किंवा शर्यत पुन्हा सुरू करणं ही कामं अंगठ्याजवळ ठेवू नका, ती कीबोर्डवर राहू दे. जी हबमध्ये एखाद्या बटणाला कीबोर्डची कळ नेमून ठेवली असेल तर गेमला ते बटण दिसणारच नाही, कळ दिसेल. गेममध्ये एखादं बटण पकडलंच जात नसेल तर आधी तिथे बघा.

वेगळा एच पद्धतीचा गिअर दांडा घेतला असेल तर त्यात प्रत्येक गिअर म्हणजे दाबून धरलेलं एक बटण असतं आणि सोडलं की न्यूट्रल. पहिला गिअर नेमताना दांडा पहिल्यात टाकायचा आणि गेमने नोंद घेईपर्यंत तसाच ठेवायचा, मग बाहेर काढून दुसऱ्याकडे जायचं. लॉजिटेकच्या दांड्यात रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबावा लागतो, तोही स्वतंत्र बटण म्हणून नेमा. नाहीतर पिटमधून मागे यायची वेळ आली की शोधाशोध होते.

सगळं जमलं की `controls.ini` ची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. यूएसबीचं खोबण बदललं किंवा नवीन उपकरण जोडलं की विंडोज उपकरणांचा क्रम बदलू शकतं. फाइलमध्ये `JOY=0` असं लिहिलेलं असतं आणि तुमचं स्टीअरिंग आता 1 नंबरवर गेलेलं असतं. गेम उघडल्यावर स्टीअरिंग निर्जीव पडलं आणि `joy.cpl` मध्ये मात्र पट्ट्या व्यवस्थित हलताहेत, तर आधी जुन्या खोबणीत लावून बघा. तरी नाही झालं, तर नेमणुका नव्याने करा आणि ब्रेकचे दोन आकडे जुन्या प्रतीतून उचलून टाका.